ब्लिस्टर लाइनचं एफएमईए: सगळे आरपीएन १०० च्या खाली, तरी धोका कुठे उरतो

प्रश्न: अंधेरी एमआयडीसीतल्या आमच्या युनिटमध्ये टॅब्लेट पॅकिंगच्या एका ब्लिस्टर लाइनचं एफएमईए, म्हणजे कुठे काय बिघडू शकतं याचं विश्लेषण, केलं. एकाच औषधाच्या २.५ आणि ५ मिलिग्रॅमच्या गोळ्या त्याच लाइनवर चालतात, दोन्ही पांढऱ्या आणि गोल. बिघडण्याचे एकूण ४२ प्रकार, म्हणजे फेल्युअर मोड, निघाले आणि सगळ्यांचे आरपीएन, म्हणजे जोखमीचे आकडे, १०० च्या खाली आले, म्हणून कुठलीच कृती लिहिली नाही. ऑडिटमध्ये विचारलं, "चुकीचं फॉइल लागण्याचा आरपीएन ४० कसा?" आमचं नेमकं कुठे चुकलं, आणि १०० ही मर्यादा बरोबर आहे का?

उत्तर:

१०० ही मर्यादा कुठल्याही नियमात नाही. औषधांच्या जोखीम व्यवस्थापनाच्या आयसीएच क्यू९ या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिकेत नाही, तिच्या २०२३ च्या सुधारित आवृत्तीतही नाही. आपल्याकडच्या औषधनिर्मितीच्या नियमांच्या सुधारित शेड्यूल एममध्ये गुणवत्तेच्या जोखमीचं व्यवस्थापन मागितलंय, पण असा आकडा नेमून दिलेला नाही. तो आकडा कारखान्यातच ठरतो, एकदा ठरला की टेम्प्लेटमध्ये बसतो, आणि मग गुण देताना प्रत्येकाच्या डोळ्यांसमोर तोच राहतो. १२० आलं की कोणीतरी म्हणतं, "डिटेक्शन ६ कशाला, ४ करा ना." आकडा खाली येतो, लाइनवर मात्र काहीच बदललेलं नसतं.

पण तुमची मुख्य चूक मर्यादेत नाही. ४० हा आकडा ज्या तीन गुणांच्या गुणाकारातून आला, त्यातला एक गुण लाइनवर प्रत्यक्ष काय बसवलंय हे न पाहता दिला गेला असावा. म्हणून ती एकच ओळ शेवटपर्यंत उलगडून बघू. बाकीच्या ओळी कशा तपासायच्या ते त्यातूनच समजेल.

आरपीएन म्हणजे गांभीर्य, घडण्याची शक्यता आणि सापडण्याची अवघडता म्हणजे डिटेक्शन, या तीन गुणांचा गुणाकार, प्रत्येक गुण १ ते १०. तिसऱ्या गुणाची दिशा उलटी आहे हे गुण देण्याआधी फळ्यावर लिहून ठेवा: दोष नक्की पकडला जाणार असेल तर १, कोणालाच कळणार नसेल तर १०. वर्षानुवर्षं एफएमईए करणाऱ्या टीमचीही इथे गल्लत होते, "आमचं डिटेक्शन चांगलं आहे" असं म्हणत ८ लिहिलं जातं.

तुमचे ४० बहुधा असे आले असतील: गांभीर्य १०, शक्यता २, डिटेक्शन २. गांभीर्य १० बरोबरच आहे. २.५ मिलिग्रॅमच्या गोळीवर ५ चं फॉइल बसलं तर रुग्णाला निम्मा डोस जातो, उलट झालं तर दुप्पट. हा माल बाजारातून परत बोलवावा लागतो. शक्यता २ दिली, कारण मागच्या काही वर्षांत असं डेव्हिएशन नोंदलेलं नाही. आणि डिटेक्शन २ दिलं, कारण "लाइनवर कॅमेरा आहे आणि फार्माकोड रीडर आहे."

हे शेवटचं वाक्य लाइनवर उभं राहून तपासा. लाइनवरचा एनएफडी कॅमेरा, म्हणजे न भरलेलं पॉकेट ओळखणारा, सीलिंगच्या आधी, भरलेल्या पॉकेटकडे बघतो. रिकामं पॉकेट, तुटलेली गोळी, रंग किंवा आकार वेगळा असलेली गोळी त्याला दिसते. वरून येणारं छापील फॉइल तो बघतच नाही. आणि तुमच्या दोन्ही ताकदींच्या गोळ्या पांढऱ्या, गोल आणि आकारानेही सारख्या असतील तर गोळ्यांची अदलाबदलही त्याला कळणार नाही. फार्माकोड म्हणजे पॅकिंगवर छापलेला पट्ट्यांचा ओळखकोड. त्याचा रीडर बहुतेक लाइनवर कार्टनरला बसवलेला असतो. तो कार्टनचा आणि पत्रकाचा कोड वाचतो, फॉइलचा नाही. पुढे चेकवेयर आहे, पण त्याला वजन कळतं, आणि चुकीच्या छपाईच्या फॉइलचं वजन बरोबर फॉइलइतकंच असतं. म्हणजे लाइनवर तीन उपकरणं आहेत, तिन्ही चालू आहेत, आणि या एका दोषासाठी तिन्ही आंधळी आहेत. उरतो तो ऑपरेटरचा डोळा आणि पॅकिंग चालू असताना गुणवत्ता तपासणाऱ्या आयपीक्यूएची दर काही तासांची फेरी.

म्हणून डिटेक्शनचा गुण उपकरणाला द्यायचा नसतो, दोष आणि उपकरण यांच्या जोडीला द्यायचा असतो. तोच कॅमेरा रिकाम्या पॉकेटसाठी २ मिळवेल आणि चुकीच्या फॉइलसाठी १०. तक्त्यात "सध्याचं नियंत्रण" या रकान्यात नुसतं "कॅमेरा" लिहू नका. "कॅमेरा, सीलिंगआधी, पॉकेटमधली गोळी बघतो, दोषी ब्लिस्टर आपोआप बाहेर टाकतो" असं पूर्ण वाक्य लिहा. ते लिहितानाच निम्मे चुकीचे गुण गळून पडतात.

दुसरी अडचण म्हणजे "चुकीचं फॉइल लागणं" ही एक ओळ नाहीच. लाइनवर चुकीचं फॉइल येण्याच्या किमान तीन वाटा आहेत, प्रत्येकीची शक्यता वेगळी आणि पकडण्याची जागाही वेगळी. तिन्ही एका ओळीत कोंबल्या की सगळ्यांत सोप्या वाटेचा गुण अवघड वाटेलाही मिळतो.

पहिली वाट स्टोअरची. दोन्ही ताकदींची फॉइलं एकाच रंगसंगतीत छापलेली, मटेरियल कोडमध्ये एका आकड्याचा फरक, आणि पॅकिंग मटेरियल देताना चुकीचा रोल बाहेर पडतो. इथे तपासणीचे दोन टप्पे आहेत: स्टोअरमध्ये देताना आणि पॅकिंगमध्ये घेताना, आणि दोन्हीकडे बीपीआरमध्ये, म्हणजे बॅचच्या पॅकिंगच्या नोंदींत, सही होते. शक्यता ३, डिटेक्शन ४ धरा. दोन माणसं तपासतात, पण दोघं त्याच चिठ्ठीवरून तपासत असतील तर ती एकच तपासणी आहे. दुसऱ्या माणसाने रोलवरची प्रत्यक्ष छपाई मंजूर नमुन्याशी ताडून बघितली, तरच ४. आरपीएन १२०.

दुसरी वाट आधीच्या बॅचच्या उरलेल्या रोलची. ५ मिलिग्रॅमची बॅच संपली, अर्धा रोल मशीनच्या मागे किंवा ट्रॉलीच्या खालच्या फळीवर राहिला. लाइन क्लिअरन्स, म्हणजे लाइनवर आधीच्या बॅचचं काही उरलं नाही याची तपासणी, झाला, पण तो बॅचच्या सुरुवातीला, दिवसा, दोन माणसांच्या देखत. फॉइल बदलतं मात्र बॅचच्या मध्ये, रात्रीच्या शिफ्टला, एकटा ऑपरेटर असताना. जोडही तोच मारतो, नोंदही तोच करतो. म्हणजे लाइन क्लिअरन्स हे नियंत्रण ज्या क्षणाला आहे, चूक त्या क्षणाला घडतच नाही. शक्यता ३, डिटेक्शन ६. आरपीएन १८०.

तिसरी वाट पुरवठादाराची, आणि बहुतेक तक्त्यांत ती नसतेच. छपाई करणाऱ्याकडे दोन्ही ताकदींची फॉइलं एकाच मशीनवर, एकामागून एक छापली जातात. फॉइल तुटलं की जोड मारला जातो. जोडाच्या पलीकडे दुसऱ्या ताकदीचं फॉइल असलं तर रोलच्या आत, शेकडो मीटर खोल, ते तसंच बसून राहतं. तुमची येणाऱ्या मालाची तपासणी रोलच्या बाहेरच्या एक-दोन वेढ्यांची असते. आतलं कोणी उलगडून बघत नाही, आणि बघणं शक्यही नाही. शक्यता २, पण डिटेक्शन ९. आरपीएन १८०.

म्हणजे ४० च्या जागी १२०, १८०, १८० आले. लाइन तीच, माणसं तीच, कागदही तोच. फक्त कारणं वेगळी केली आणि नियंत्रण नेमकं कुठे उभं आहे ते पाहिलं.

शक्यतेच्या गुणाबद्दल एक इशारा. डेव्हिएशन रजिस्टर रिकामं आहे म्हणून १ किंवा २ देऊ नका. वेळेत लक्षात आलेली चूक बऱ्याचदा रजिस्टरपर्यंत पोचत नाही. मशीनची अलार्म हिस्टरी, रिजेक्ट काउंटर, फॉइलचं रिकन्सिलिएशन, बाजारातल्या तक्रारी आणि स्टोअरला परत गेलेल्या मालाच्या चिठ्ठ्या काढा. "चुकीचा माल आला, परत दिला" अशी चिठ्ठी वर्षात दोनदा सापडली तर शक्यता २ राहत नाही. आणि गुण देताना आधी प्रत्येकाने आपापल्या कागदावर लिहायचं, मग एकत्र वाचायचं. मॅनेजरने आधी आकडा उच्चारला की बाकीचे त्याच्या आसपासच बोलतात. मेंटेनन्सच्या माणसाचा ३ आणि रात्रपाळीच्या ऑपरेटरचा ७ आला, तर सरासरी काढू नका. त्या फरकात काहीतरी दडलंय, ते विचारा.

आता कृती. तिन्ही वाटांना एकच उपाय लागू पडतो: फॉइलवर प्रत्येक ताकदीचा वेगळा फार्माकोड छापून घ्यायचा, आणि फॉइल सीलिंगला जाण्याआधी त्याच्या मार्गात रीडर बसवायचा, कोड जुळला नाही की मशीन थांबवणारा. कोड इतक्या वारंवार छापलेला हवा की प्रत्येक ब्लिस्टरच्या लांबीत तो एकदा तरी रीडरखालून जाईल. नाहीतर जोडानंतरचे काही ब्लिस्टर न वाचताच पुढे जातील. रुंदीत दोन ब्लिस्टर असतील तरी एकच रीडर पुरतो, कारण फॉइल एकच अखंड आहे. कोड वाचताच आला नाही तरी मशीन थांबायला हवं. "वाचता आला नाही" आणि "चुकीचा आला" यांत फरक करून पहिल्याला जाऊ देणारी सेटिंग कुठेच चालू नको, कारण जोडाच्या टेपवर रीडर नेमका तिथेच अडखळतो.

दुसऱ्या वाटेसाठी याशिवाय फॉइलचा एका वेळी एकच रोल लाइनवर द्या, बाकीचे कुलूपबंद जाळीत ठेवा, आणि बॅच संपल्यावर उरलेला रोल वजन करून परत गेल्याशिवाय पुढच्या बॅचचा क्लिअरन्स सही करू नका. ही कृती शक्यता कमी करते, रीडर डिटेक्शन सुधारतो. गांभीर्य मात्र १० च राहतं. कृतीनंतरच्या रकान्यात गांभीर्य १० वरून ७ झालेलं दिसलं तर तो तक्ता परत पाठवा. रीडर बसवल्याने चुकीच्या डोसचा रुग्णावरचा परिणाम सौम्य होत नाही.

रीडर बसल्यानंतर डिटेक्शन १ द्यायचा मोह होईल. ३ द्या. रीडर बायपास करता येतो, रेसिपीत चुकीचा कोड निवडता येतो, आणि पुरवठादाराने कोडच चुकीच्या छपाईवर टाकला असेल तर रीडर तो आनंदाने मान्य करेल. बायपासला पासवर्ड, रेसिपी निवडताना दुसऱ्याची सही, आणि दर शिफ्टच्या सुरुवातीला, फॉइल बदलल्यावर आणि बॅचच्या शेवटी मुद्दाम चुकीच्या कोडचा तुकडा दाखवून मशीन थांबतं की नाही ते पाहणं, या तिन्ही गोष्टी असतील तरच ३. मग पहिली वाट १०×३×३ म्हणजे ९०, दुसरी १०×२×३ म्हणजे ६०, तिसरीही ६०.

आता हे बघा: ६० आलं, आणि तरी ही ओळ बंद करायची नाही. त्याच तक्त्यात कार्टनवर ओरखडा पडण्याचा आरपीएन ३×५×४, म्हणजे तोही ६० असू शकतो. दोन्ही ६० सारखे नाहीत. १ ते १० हे क्रम आहेत, मापं नाहीत. ८ हे ४ च्या दुप्पट गंभीर असतं असं नाही, त्यामुळे त्यांच्या गुणाकारालाही मोजमापाचा अर्थ नसतो. तीन गुणांच्या १००० जोडण्यांतून वेगवेगळे आकडे फक्त १२० निघतात. १००० च्या खाली थेट ९००, मग ८१०, मग ८००. मध्ये काहीच नाही. अशा पट्टीवर ९८ आणि १०५ च्या मध्ये रेघ मारून एकाला कृती आणि दुसऱ्याला सूट देण्यात अर्थ नाही. वाहन उद्योगातल्या २०१९ च्या संयुक्त एफएमईए हँडबुकने याच कारणाने आरपीएन बाजूला ठेवून कृतीचा प्राधान्यक्रम थेट तक्त्यातून ठरवायला सुरुवात केली.

आरपीएन सोडायचा नसेल तर क्रम असा लावा. गांभीर्य ९ किंवा १० असेल, तर आरपीएन कितीही येवो, त्या ओळीला कृती हवी, किंवा "आणखी काही करणं शक्य नाही आणि का" हे क्यूएच्या सहीने लिहिलेलं हवं. त्यानंतर गांभीर्य आणि शक्यता यांचा गुणाकार बघा. आरपीएन सगळ्यांत शेवटी, उरलेल्या ओळींत आधी कशावर काम करायचं एवढंच ठरवायला.

आणखी एक ओळ मुंबईत मुद्दाम तपासावी: सीलिंग नीट न होणं. जून ते सप्टेंबर इथली हवा ओलीच असते. गोळी ओलावा शोषणारी असेल तर सूक्ष्म गळती असलेला ब्लिस्टर दुकानाच्या शेल्फवर आठवड्यांत खराब होऊ शकतो. गांभीर्य किती ते पॅकिंगने ठरवू नये, स्टॅबिलिटीचा डेटा सांभाळणाऱ्याला विचारावं. समजा ८ ठरलं.

या ओळीत टीम हमखास डिटेक्शन ३ देते, कारण दर दोन तासांनी लीक टेस्ट होते. हिशेब मांडून बघा. मशीन मिनिटाला २०० ब्लिस्टर काढत असेल तर दोन तासांत २४,००० निघतात. त्यातले १२ घेऊन निळ्या रंगाच्या द्रावणात व्हॅक्यूमखाली तपासले जातात. सीलिंग रोलरच्या एका कडेचा हीटर गेला असेल तर त्या बाजूचा प्रत्येक ब्लिस्टर गळेल, आणि १२ मध्ये दोन्ही बाजूंचे ब्लिस्टर असतील तर तो पकडला जाईल. पण दोष मधूनमधून येणारा असेल, म्हणजे पीव्हीसीवर गोळीचा चुरा पडून केसाएवढी वाट राहते तसा, आणि शंभरात एक ब्लिस्टर गळत असेल, तर २४,००० मध्ये २४० गळके असतात, आणि १२ च्या नमुन्यात त्यातला एकही न सापडण्याची शक्यता ८९ टक्के आहे. नमुना ६० केला तरी न सापडण्याची शक्यता जवळजवळ ५५ टक्के. म्हणजे सतत येणाऱ्या दोषासाठी डिटेक्शन ३, मधूनमधून येणाऱ्यासाठी ८. पुन्हा, या दोन वेगळ्या ओळी आहेत.

मधूनमधून येणाऱ्या दोषावर लीक टेस्टची संख्या वाढवून हाती फारसं लागत नाही, कारणाला हात घालावा लागतो. फीडरच्या ब्रशने गोळीच्या कडा घासून चुरा पडतो. ब्रश झिजले की ते गोळी सरकवण्याऐवजी चिरडतात. तिथला व्हॅक्यूम सक्शन बंद असला की चुरा थेट सीलिंगच्या जागेवर बसतो. म्हणून सक्शनचा दाब मशीनच्या इंटरलॉकला जोडा आणि ब्रश बदलण्याचं वेळापत्रक तासांवर ठेवा, "झिजल्यावर" नको. सीलिंगचं तापमान व्हॅलिडेशनमधल्या मर्यादेखाली गेलं तर मशीन थांबलं पाहिजे, आणि ती मर्यादा कोणत्या वेगासाठी आहे तेही रेसिपीत बांधलेलं असावं. महिनाअखेरीला वेग वाढवला की फॉइल रोलरखाली कमी वेळ राहतं, डिस्प्लेवर तापमान बरोबर दिसतं आणि सील मात्र कच्चं राहतं. ते ओळखायचं सोपं चिन्ह म्हणजे फॉइलवरची नक्षी: रोलरच्या खाचांचा ठसा एका बाजूला पुसट, दुसऱ्या बाजूला ठसठशीत. दर थांब्यानंतर, मग ती पाच मिनिटांची का असेना, सुरुवातीचे ब्लिस्टर टाकून द्या आणि त्यानंतरच्या पहिल्या चांगल्या ब्लिस्टरांवर लीक टेस्ट घ्या. दोन तासांच्या ठरलेल्या नमुन्यापेक्षा हा नमुना जास्त दोष पकडतो, कारण तो दोष घडण्याच्या वेळीच घेतलेला असतो.

रिकाम्या पॉकेटच्या ओळीबद्दल थोडक्यात. तिथे डिटेक्शन २ योग्य वाटतं, पण कॅमेऱ्याने पाहणं आणि दोषी ब्लिस्टर प्रत्यक्ष बाहेर पडणं या दोन वेगळ्या क्रिया आहेत. कॅमेरा आणि रिजेक्टर यांच्यामध्ये काही ब्लिस्टरांचं अंतर असतं, आणि मशीन ते मोजून योग्य वेळी बाहेर टाकतं. चेंज पार्ट बदलल्यावर ती मोजणी चुकली तर कॅमेरा बरोबर दोष पकडतो आणि रिजेक्टर शेजारचा चांगला ब्लिस्टर टाकतो. रिजेक्ट काउंटर बरोबर दिसतो, दोषी माल कार्टनमध्ये जातो. म्हणून चॅलेंज टेस्टमध्ये "कॅमेऱ्याने पकडलं" एवढं नोंदवू नका. खूण केलेला तोच ब्लिस्टर रिजेक्ट बिनमध्ये सापडला का, ते नोंदवा.

शेवटी, कृतीनंतरचे नवे गुण कृती ठरल्याच्या दिवशी लिहू नका. तो रकाना रिकामा ठेवा. रीडर बसून पात्रता तपासणी झाली, किमान तीन बॅच चालल्या, त्यातल्या चॅलेंज टेस्टच्या नोंदी आणि थांब्यांचा इतिहास हातात आला, की मग तीच टीम बसवून गुण द्या, आणि प्रत्येक गुणाशेजारी तो कोणत्या नोंदीवरून दिला तिचा क्रमांक लिहा. पुढच्या ऑडिटमध्ये "डिटेक्शन ३ का?" असा प्रश्न आला तर त्या क्रमांकाची फाइल काढून समोर ठेवायची.